शब्दचर्चा: ‘अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार’ याला दुसरं काही आहे का?

द्राक्षवेल
काल पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत झाली. मालक, एचआरच्या मॅडम आणि बागेकडचे एक काका असे तिघं होते. सगळं मराठीतच झालं, म्हणून आभाराची मेलही मराठीतच पाठवायची आहे. लिहायला बसले आणि हे उतरलं: ‘आपण आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल व मला ही संधी दिल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे.’ भाऊ म्हणाला, हे स्नेहसंमेलनाचं आभारप्रदर्शन वाटतंय, आता चहापानाची सूचना तेवढी दे. वर आजोबांचा आक्षेप: वडीलधाऱ्यांना ‘धन्यवाद’ म्हणायचं नसतं, त्यांचे ‘आभार’ मानायचे असतात. तर ‘अमूल्य वेळ’ला पर्याय सुचवा, आणि आभार की धन्यवाद तेही सांगा. आज पाठवायची आहे.

पंचवटीकर
आजोबांचं बरोबर आहे. धन्यवाद देतात आणि आभार मानतात. देणारा वर असतो, मानणारा खाली. शिवाय ‘धन्यवाद’ हा हिंदीतून आलेला शब्द, आकाशवाणीच्या काळात घुसला. आणि मेल मुलाखतीनंतर तासाभरात जायला हवी होती. आता उशीरच झाला म्हणायचा.

शब्दांकुर
हिंदीतून कसा? धन्य आणि वाद, दोन्ही संस्कृत. एखाद्याला ‘धन्य’ म्हणणं, म्हणजे वाखाणणं, हा मूळ अर्थ. शाबासकी देणारा मोठा असतो, तेवढ्यापुरतं आजोबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आज बँकेतला शिपाईसुद्धा मॅनेजरला धन्यवाद म्हणतो आणि कुणाचा पाणउतारा होत नाही. ‘आभार’ला मात्र भाराचं ओझं आहे. तुमच्या उपकाराचा भार माझ्यावर, असं ते म्हणणं. आता मुलाखतीला बोलावण्यात उपकार कुठला? त्यांना माणूस हवाय, तुम्हाला काम. मी दोन्ही शब्द टाळून ‘बरं वाटलं’ असं लिहीन.

सिन्नरची_सून
आमच्याकडे मुलीला बघायला आलेल्यांना असाच मेसेज केला होता, ‘आपण आपला अमूल्य वेळ काढून आलात’. पुढे काहीच झालं नाही. तेव्हा हे वाक्य नकोच, अपशकुनी आहे 😄

अंबडचा_एचआर
द्राक्षवेलताई, शब्द बदलून साचा मोडत नाही. ‘अमूल्य’च्या जागी ‘बहुमोल’ घाला, ‘मौल्यवान’ घाला, वाक्य तेच राहतं. त्या वाक्यातलं पॅकहाऊस काढून तिथे पतसंस्था किंवा इंग्रजी शाळा बसवून बघा. काही बिघडतं का? नाही बिघडत, म्हणून ते खोटं वाटतं. मुलाखतीनंतर आलेल्या मेल मी वाचतो. पहिल्या ओळीत ‘अमूल्य’ दिसलं की डोळे आपोआप खाली सही शोधतात.

मराठीत हा साचा कुठे तयार होतो तेही बघा. तो ‘दिल्याबद्दल’मध्ये होतो. वेळ दिल्याबद्दल, संधी दिल्याबद्दल, मार्गदर्शन केल्याबद्दल. तीन ‘बद्दल’ ओळीने लावले की माणूस गायब होतो आणि नामांची रांग उरते. क्रियापद मोकळं करा. त्यांनी नक्की काय केलं? बसवलं, विचारलं, दाखवलं, की समजावलं? ते लिहा आणि पुढे एकदाच ‘आभारी आहे’ म्हणा. मग आभार की धन्यवाद याने फार फरक पडत नाही.

पंचवटीकर, तासाभरात मेल आली की मला वाटतं ती आधीच लिहून ठेवली होती. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुरे. आज गेली तर उशीर नाही.

द्राक्षवेल
मालकांनी मुलाखतीनंतर स्वतः प्रीकूलिंगची, म्हणजे भरण्याआधी माल गार करायची खोली दाखवली. आणि एक प्रश्न अर्धवट राहिला. पेटीत प्लास्टिकच्या लायनरमध्ये द्राक्षं टिकावीत म्हणून गॅस सोडणारा पॅड ठेवतात. तो बरोबर ठेवूनही मण्यांवर देठाजवळ पांढरे डाग का येतात, असं विचारलं होतं. मी पॅडच्या मात्रेबद्दल बोलले, तेवढ्यात पुढचा उमेदवार आत आला.

अंबडचा_एचआर
अहो मग मेल तर तिथेच आहे! राहिलेला प्रश्न पुरा करा, तीन-चार ओळींत. ती मेल दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवता येणार नाही.

शब्दांकुर
‘दाखवलं’, ‘समजावलं’ असं लिहायचं? मेल हे लेखन आहे. ‘दाखविले’, ‘समजाविले’. लेखननियमांत अनुस्वाराची मुभा पात्रांच्या तोंडच्या बोलीपुरती आहे.

अंबडचा_एचआर
काका, समोर बसून ती ‘तुम्ही सांगितलं’ म्हणाली असणार. दुसऱ्या दिवशी ‘आपण सांगितलेत’ असं लिहिलं की वाटतं, ही दुसरीच कुणी. जी भाषा मुलाखतीत चालली तीच मेलमध्ये. तिथे ‘आपण’ म्हणत होतात तर ‘आपण’, ‘तुम्ही’ म्हणत होतात तर ‘तुम्ही’.

द्राक्षवेल
‘तुम्ही’च म्हणत होते. मालकांसाठी हे लिहिलंय, बघा:

‘विषय: मंगळवारची मुलाखत, पॅड आणि पांढरे डाग

नमस्कार सर,
काल मुलाखतीनंतर तुम्ही स्वतः प्रीकूलिंगची खोली दाखवलीत, त्यामुळे काम नक्की कुठे असतं ते कळलं. आभारी आहे.
देठाजवळच्या पांढऱ्या डागांबद्दल तुम्ही विचारलं होतं. मी मात्रेबद्दल बोलले, एक गोष्ट सांगायची राहिली. माल पुरता गार व्हायच्या आत पॅड ठेवून लायनर मिटला, तर आत पाणी सुटतं आणि ओला पॅड गॅस एकदम सोडतो. हे डाग त्याचेच आहेत. पॅड बदलण्याआधी मी लायनर मिटतानाचं मण्याचं तापमान तपासलं असतं.
शुक्रवारपर्यंत कळवू असं मॅडम म्हणाल्या आहेत. तोवर काही कागद लागले तर सांगा.’

दिंडोरीचा_बागायतदार
तर्क चांगला आहे. पॅडमधलं रसायन ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सोडतं, आणि तो जास्त झाला की मण्याचा रंग देठाकडून उडतो. म्हणूनच आधी माल गार करायचा आणि मग पॅड ठेवून लायनर मिटायचा. पण ‘त्याचेच आहेत’ हे कशावरून? तुम्ही ती पेटी बघितलीय का? पेटीच्या वजनाला पॅड मोठा पडला तरी डाग येतात. मणी चिरलेला असेल किंवा देठापाशी सैल झाला असेल, तर गॅस तिथूनच आत शिरतो. मालकाने पन्नास कंटेनर पाठवले असतील, तो हसेल. ‘हेही एक कारण असू शकतं’ असं करा.

अंबडचा_एचआर
हे महत्त्वाचं. राहिलेलं उत्तर द्यायचं, मालकाला शिकवणी द्यायची नाही. ‘त्याचेच आहेत’ काढून ‘असं झालं असेल का, हे मी आधी पाहिलं असतं’ करा. बाकी छान. विषयाची ओळही चांगली, नुसतं ‘धन्यवाद’ लिहिलेली मेल कितीदा न उघडताच राहते. एक सांगतो, हीच मेल तिघांना पाठवू नका. लोक एकमेकांना पुढे पाठवतात. तिघांकडे अक्षरन् अक्षर तेच निघालं की सगळी मेहनत पाण्यात. मॅडमना दोन ओळी पुरतात: शुक्रवारचं लक्षात आहे, आणि तुम्ही कधीपासून रुजू होऊ शकता ते. पगाराचा विषय काढू नका. बागेकडच्या काकांनी काय विचारलं होतं?

द्राक्षवेल
काकांनी फक्त ‘गाव कुठलं’ विचारलं. मग म्हणाले, निफाडची का, मग थंडी माहीत असेल.

पंचवटीकर
मग त्यांना लिहा, थंडीची सवय आहे, कोल्ड स्टोरेजमध्ये टिकेन 😄

अंबडचा_एचआर
खरं तर वाईट नाही. पण त्यांचा मेल पत्ता आहे का?

द्राक्षवेल
नाही, फक्त मॅडमचा आणि सरांचा.

अंबडचा_एचआर
मग शोधत बसू नका. मॅडमच्या मेलमध्ये ‘काकांनाही नमस्कार सांगा’ एवढं पुरे.

सिन्नरची_सून
माझ्या दिराची जिल्हा परिषदेची मुलाखत आहे पुढच्या आठवड्यात, त्यालाही अशीच मेल पाठवायला सांगू का? समितीतल्या एका साहेबांचा नंबर आहे आमच्याकडे.

अंबडचा_एचआर
ताई, अजिबात नको! सरकारी निवडीत समितीतल्या माणसाशी परस्पर संपर्क म्हणजे वशिला लावल्यासारखं दिसतं. तो नंबर वापरूच नका. हे सगळं खासगी नोकरीपुरतं. आणि तिथेही ज्याला माणूस घ्यायचाच नाही, तो मेल वाचून विचार बदलेल असं नाही.

शब्दांकुर
एक राहिलंच. विषयात ‘मुलाखत’ लिहिलंय. हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, मूळ अर्थ नुसती भेट. ‘मंगळवारची भेट’ लिहिलं तर अवघडलेपण जातं आणि शब्दही आपला राहतो. ज्यांनी आपल्याला दिनांक दिला, महापौर दिला, त्या सावरकरांचं भगूर इथून हाकेच्या अंतरावर, आणि आपण मुलाखतीत अडकलोय.

दिंडोरीचा_बागायतदार
‘भेट’ लिहिलं तर मालकाला वाटेल खतवाला आला होता.

पंचवटीकर
आणि तारीख हद्दपार झाली का? माझ्या घरी अजून तारीखच विचारतात. ‘मुलाखत’ हा शब्द आता रुळलाय, मराठीच आहे.

शब्दांकुर
‘रुळलाय’ या एका शब्दाखाली काय काय खपवणार? मग ‘इंटरव्ह्यू’ही रुळलाय, तोच लिहा.

द्राक्षवेल
मालक सगळ्यांसमोर ‘इंटरव्ह्यू’च म्हणत होते :( विषयात तेच टाकू का?

पंचवटीकर
टाका.

शब्दांकुर
टाकू नका.

अंबडचा_एचआर
काहीही टाका, पण ऑफिस सुटायच्या आत. आणि खाली ‘आपली विश्वासू’ लिहू नका, नाव आणि मोबाईल नंबर पुरे.

शब्दांकुर
‘आपली विश्वासू’त काय वाईट आहे? शाळेत आम्ही तेच शिकवलं.