मदत हवी आहे: गुंतवणूकदाराने स्वतः घेतलेल्या कर्जाचे आर्बिट्राज आणि मर्यादित दायित्व

कंपनीचे मूल्य तिच्या कर्जाच्या प्रमाणावर ठरत नाही, या मोदिग्लियानी-मिलर यांच्या मांडणीतील एका उदाहरणात कर नाही आणि दोन्ही कंपन्यांचा वार्षिक परिचालन नफा १ लाख रुपये आहे. कर्जमुक्त ‘अ’चे मूल्य ८ लाख आहे, ८ टक्के दराचे ५ लाख कर्ज असलेल्या ‘ब’चे समभाग ५ लाखांचे, म्हणजे एकूण मूल्य १० लाख. ‘ब’मधील १० टक्के हिस्सा ५०,००० रुपयांना विकून आणि ३०,००० रुपये ११ टक्क्यांनी स्वतः कर्जाऊ घेऊन ‘अ’चा १० टक्के हिस्सा घेतला, तर ६,००० ऐवजी ६,७०० रुपये मिळतात, इथपर्यंत हिशेब जुळतो. मात्र नफा ३३,००० रुपयांच्या खाली गेल्यास मला व्याज खिशातून भरावे लागते, तर ‘ब’च्या भागधारकाला काहीच भरावे लागत नाही. मग दोन्ही कंपन्यांच्या मूल्यांमधील २ लाखांच्या फरकातील मर्यादित दायित्वाची किंमत वेगळी कशी काढावी?