‘रात्रभर झोपणं’ : यातला ‘भर’ नेमका किती?

सातमहिनी: माझी मुलगी सात महिन्यांची आहे. साडेआठला झोपते, साडेअकराला दूध पिते, मग एकदम सव्वापाचला उठते. राजारामपुरीत जो भेटेल तो विचारतो, “रात्रभर झोपती काय गं?” मी “नाही” म्हणते आणि दिवसभर तेच डोक्यात घोळत राहतं. ‘रात्रभर’ म्हणजे नक्की किती?

कोशवेडा: ‘घागरभर पाणी’ म्हटलं की काठोकाठ. पण ‘रात्रभर पाऊस लागला होता’ यात मधली उघडीप कुणी मोजत नाही. ‘दिवसभर शेतात होतो’ म्हणणारा भाकरी खायला बांधावर बसलेला असतोच. लोक विचारतात पावसातला ‘भर’, तुम्ही ऐकता घागरीतला.

रंकाळाकाठ: ‘रात्रंदिवस’मधल्या अनुस्वाराबद्दल चाललंय का? तो द्यायचाच.

कोशवेडा: नाही हो, ते वेगळं.

रात्रपाळी: मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. १९५७ साली लंडनच्या बाळांवर एक अभ्यास झाला होता. त्यात मध्यरात्र ते पहाटे पाच एवढी झोप धरली होती. त्या मापानं तुमची मुलगी रात्रभर झोपते! साडेअकराचं दूध मोजणीच्या आधीच संपलं.

सातमहिनी: आणि तिनं साडेबाराला दूध मागितलं असतं तर?

रात्रपाळी: तर नापास. बाळ तेच, झोप जवळपास तेवढीच. म्हणून तर मला हा शब्दच नको वाटतो. २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात सहा महिन्यांची सुमारे ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती, आणि त्यांच्या विकासात काही फरक आढळला नाही.

नातवाची आजी: आमच्यात झोपताना नाचणीची पेज दिली की पोरगं गपगार. भूक हेच कारण, दुसरं काही न्हाई.

रात्रपाळी: आजी, भूक असतेच, पण तेवढंच नाही. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन तासाभराचं असतं. ते संपलं की झोप चाळवते. कुणी कूस बदलून परत झोपतं, कुणी रडून बोलावतं. चाळवतात दोघंही, आईला कळतं ते रडणारंच.

कोशवेडा: ‘चाळवणं’ आणि ‘उठणं’! शेजारीण म्हणते “आमचं उठत नाही”, म्हणजे रडत नाही एवढंच.

सातमहिनी: माझी कुशीतच झोपते. जरा चुळबुळली तरी मला जाग येते, आणि मी तेही ‘उठली’त धरते.

रात्रपाळी: मग आठवडाभर फक्त दूध द्यावं लागलं तेवढंच लिहा. वजन वाढत नसेल, झोपेत घोरत असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर मात्र तास न मोजता डॉक्टरांकडे जा.

नातवाची आजी: लिहून काय हुतंय? सुनेला पेजेचं सांगितलं होतं, ऐकलं न्हाई. आता पोरगं तीन वर्षांचं झालंय, तरी रात्री पाणी मागतंय.

कोशवेडा: त्याला काय म्हणायचं, उठणं की चाळवणं?