अनुभव लिहा: एक्स्पोर्ट अडला, एडिटर पडला, प्लेबॅक अडखळला, तेव्हा शेवटी सापडलं काय?

कातरवेळ

नुसते उपाय नकोत, उपाय सगळीकडे मिळतात. तुम्ही कारणापर्यंत कसे पोहोचलात ते लिहा. चुकलेल्या वाटाही लिहा. सुरुवात माझ्यापासून.

२४ मिनिटांची फिल्म. एक्स्पोर्ट दर वेळी ६१ टक्क्यांवर पडायचा आणि कारण म्हणून एक आकडा दाखवायचा, ज्याचा अर्थ एडिटरच्या मदतपानावरही नव्हता. मी हिशेब केला: २४ मिनिटांचे ६१ टक्के म्हणजे १४:३८. तिथली क्लिप बदलली. पुन्हा ६१. शेजारची बदलली. पुन्हा ६१. मग चिडून एडिटर काढला, परत टाकला, सगळी सेटिंग्ज गेली, आणि पुन्हा ६१.

चौथ्या रात्री शहाणपण सुचलं. इन आणि आउट लावून अर्धा अर्धा भाग एक्स्पोर्ट केला. पहिली १२ मिनिटं सुरळीत. उरलेली १२ पडली. त्यातली १२ ते १८ पडली, १८ ते २४ झाली. मग १२ ते १५ पडली. असं करत करत आठव्या फेरीत जेमतेम सहा सेकंद उरले, १४:४८ ते १४:५४. तिथे क्लिप नव्हतीच! एक फोटो होता, हळूहळू झूम होणारा, वर ब्लर लावलेला. प्रॉपर्टीज पाहिल्या तर १२००० बाय ९०००. फोनच्या १०८ मेगापिक्सेल मोडमध्ये काढलेला.

मग तेवढेच सहा सेकंद, जीपीयू बंद करून, फक्त प्रोसेसरवर रेंडर केले. रडतखडत, पण झाले. म्हणजे फोटोची फाइल खराब नव्हती, जीपीयूला ती पेलत नव्हती. फोटो ४००० बाय ३००० करून जागच्या जागी बदलला, जीपीयू परत चालू केला आणि अख्खी फिल्म पहिल्या फटक्यात बाहेर पडली.

शेवटचीफ्रेम

छान शोधलंत. तो फोटो का पेलत नव्हता ते सांगतो. डिस्कवर तो वीसेक एमबीचा दिसत असेल, पण जीपीयूला जेपीजी कळत नाही, त्याला उलगडलेलं चित्र लागतं. १२००० गुणिले ९००० म्हणजे १० कोटी ८० लाख पिक्सेल. एडिटर ३२ बिट फ्लोटमध्ये काम करत असेल तर प्रत्येक पिक्सेलला १६ बाइट. झाले सुमारे १.७ जीबी, आणि ही फक्त एक प्रत. झूमला एक प्रत, ब्लरला आणखी एक, त्यात टाइमलाइनचं बाकीचं सामान. ४ जीबीचं कार्ड असेल तर तिथेच संपलं. ४००० बाय ३००० केल्यावर तीच प्रत १९० एमबीच्या आसपास येते.

टक्क्यांबद्दल एक. तुमच्या फिल्ममध्ये एक टक्का म्हणजे १४ सेकंदांहून जास्त. शिवाय एडिटर पुढच्या फ्रेम आधी तयार करून ठेवतो, त्यामुळे पडलेली फ्रेम आणि पट्टीवरचा आकडा यांत अंतर पडतं. टक्का गल्ली सांगतो, घर नाही. पण गल्ली कळली होती, तर सरळ १४:०० ते १५:३० पासून अर्धं करायला घ्यायचं. चार फेऱ्या वाचल्या असत्या.

आणि या पद्धतीची एक मर्यादा. दोन्ही अर्धे भाग सुखरूप झाले आणि अख्खं मात्र पडलं, तर दोष जागेत नाही. तो साचत जाणारा आहे: मेमरी भरत जाते, डिस्क भरत जाते किंवा मशीन तापत जातं. तेव्हा अर्धं करणं थांबवायचं आणि एक्स्पोर्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा ठेवून बघत बसायचं.

पावसाळी_संध्या

माझा अनुभव साधा आहे. कॅश डिलीट करा. माझे नव्वद टक्के प्रॉब्लेम त्यानेच गेलेत. एवढं अर्धं-पाव करायची गरजच नाही.

शेवटचीफ्रेम

संध्याताई, अर्धं खरं आहे. कॅशमधली एखादी प्रीव्ह्यू फाइल बिघडली आणि एक्स्पोर्टमध्ये "Use Previews" सारखा पर्याय चालू असला, तर ती बिघडलेली फाइल जशीच्या तशी वापरली जाते आणि एक्स्पोर्ट दर वेळी त्याच जागी पडतो. तेव्हा कॅश काढल्याने जातं. फुकटचा उपाय आहे, आधी करून बघावा हे मान्य. पण कातरवेळ यांचा फोटो कॅश काढून लहान झाला नसता.

मधलाबाक

माझं उलटं होतं. तोच प्रोजेक्ट, तीच सेटिंग्ज, पण कधी १२ टक्क्यांवर पडायचा, कधी ८०, कधी सरळ पूर्ण व्हायचा. दोन महिने मी क्लिपांनाच शिव्या देत होतो. मित्राने एकच प्रश्न विचारला, "एकाच जागी पडतो का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, मग प्रोजेक्टला हात लावू नकोस, मशीन बघ.

त्याने सांगितलेली चाचणी अशी. चांगला चालणारा दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि काहीही न बदलता पाच वेळा एक्स्पोर्ट करायचा. माझ्याकडे दोनदा पडला. मग बायोसमध्ये जाऊन रॅमचा XMP प्रोफाइल बंद केला, म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगावर आली. पाचही वेळा झाला. रात्रभर मेमटेस्ट लावला तर XMP चालू असताना चुका येत होत्या, बंद असताना एकही नाही. गेम कधी बंद पडला नव्हता, म्हणून रॅमवर संशयच गेला नाही.

रंगपेटी

मधलाबाक, माझंही असंच कुठेही पडायचं, पण XMP बंद करून फरक नाही. जीपीयूचा ड्रायव्हर नवा टाकला, जुना टाकला, तेच. मेमटेस्ट स्वच्छ. जीपीयूची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली की पडत नाही. आता हा दोष पॉवर सप्लायचा की कार्डाचा, हे दुसरा सप्लाय लावून बघितल्याशिवाय कसं कळणार? तो माझ्याकडे नाही. सध्या ८० वर ढकलतोय.

मधलाबाक

बहुतेक सप्लायच. पण पैज लावणार नाही.

नवखी_कात्री

विषय थोडा वेगळा आहे का माहीत नाही. माझा एक्स्पोर्ट नीट होतो, काही एरर नाही, पण बाहेर आलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला की अडखळतो. सगळे म्हणतात प्रॉक्सी बनव. बनवल्या. तरी तसाच.

शेवटचीफ्रेम

प्रॉक्सी फक्त एडिट करताना कामाची, बाहेर आलेल्या फाइलशी तिचा संबंध नाही. आधी हे ठरवा की अडखळणं फाइलमध्ये आहे की वाजवणाऱ्यात. फाइल कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवा आणि अडखळते तिथे एकेक फ्रेम पुढे सरकवा. फ्रेम दोनदा येत असेल किंवा मधली गळलेली असेल, तर दोष फाइलमध्ये. सगळ्या फ्रेम नीट येत असतील तर टीव्हीला किंवा पेनड्राइव्हला तो बिटरेट झेपत नाही.

नवखी_कात्री

एकेक फ्रेम केलं. प्रत्येक पाचवी फ्रेम दोनदा येते!

शेवटचीफ्रेम

मग सापडलं. शूटिंग २४ चं आणि टाइमलाइन ३० ची आहे. चार फ्रेमच्या पाच करायच्या म्हणजे एक दोनदा येणारच. टाइमलाइन २४ ची करून बघा.

ढगाआड

हे सगळं व्हीएफआर मुळे होतं. मोबाइलचं फुटेज म्हणजे व्हेरिएबल फ्रेम रेट, एडिटर त्यानेच क्रॅश होतात. मी सरसकट सगळं कन्व्हर्ट करतो, प्रश्न मिटला.

शेवटचीफ्रेम

सगळं नाही हो. व्हीएफआरची खूण वेगळी असते: आवाज आणि ओठ सुरुवातीला जुळतात आणि पुढे पुढे सुटत जातात. प्लेबॅक अडखळतो त्याचं कारण बरेचदा साधं असतं, एचईव्हीसी उलगडणं जड जातं. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात, शेजारच्या फ्रेमपासून काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. मधल्या फ्रेमवर उडी मारली की मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं.

अंदाज करण्यापेक्षा फाइललाच विचारा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt,r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

शेवटच्या दोन ओळींचे आकडे वेगळे आले, समजा `30/1` आणि २९.८ च्या आसपासचा काही अपूर्णांक, तर व्हीएफआरचा संशय घ्यायला जागा आहे. आणि क्लिपच आतून तुटलेली आहे का, ते असं कळतं:

```
ffmpeg -v error -i clip.mp4 -f null -
```

काहीच छापलं नाही तर क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येते. लाल ओळी आल्या तर एडिटरला दोष देऊ नका.

ढगाआड

माझ्या तीन क्लिप तपासल्या. दोन सारख्याच, एकीचेच आकडे वेगळे. म्हणजे उरलेल्या दोन मी उगाच कन्व्हर्ट करत होतो. पण मग त्या केल्यावर प्लेबॅक सुधारला कसा?

शेवटचीफ्रेम

एचईव्हीसीचं एच.२६४ झालं असेल म्हणून. औषध लागू पडलं, रोग दुसराच होता.

बाकावरची_मीरा

अडखळण्याबद्दल माझी दोन मिनिटांची चाचणी. त्याच जागी सगळे इफेक्ट एका बटणाने बंद करायचे आणि परत वाजवायचं. सुरळीत झालं तर इफेक्ट जड आहेत, तेवढा तुकडा रेंडर करून टाका. तरीही अडखळलं तर प्लेबॅक रिझोल्यूशन पावपट करा. त्यानेही काही फरक पडला नाही, तर बहुधा उलगडणं किंवा डिस्क. मग तीच क्लिप बाहेरच्या ड्राइव्हवरून आतल्या एसएसडीवर कॉपी करून बघायची. माझं तिथेच सुटलं. जुन्या हार्डडिस्कवरून एका वेळी चार कॅमेरे वाजवत होते, आणि रॅम मात्र ८ ची ३२ करून बसले होते. पैसे गेले, अडखळणं राहिलं.

कातरवेळ

मीराताई, रॅमचे पैसे आमच्याही घरात गेलेत.

सुटी_पानं

माझा एक्स्पोर्ट "डिस्कवर लिहिता येत नाही" म्हणून पडायचा आणि ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे होते. अर्धवट फाइल कधी बघितलीच नव्हती. बघितली तर दर वेळी ४ जीबीच्या अगदी अलीकडे थांबलेली. ड्राइव्ह एफएटी३२ होता, त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. एक्सफॅट केला. पडलेल्या फाइलचा आकार बघायची सवय तेव्हापासून लागली.

रंगपेटी

आणि एडिटर न सांगता सरळ गायब होतो, तेव्हा? एरर नाही, काही नाही.

शेवटचीफ्रेम

विंडोजवर Event Viewer उघडा, Windows Logs मध्ये Application. एडिटर पडला त्या वेळची लाल नोंद शोधा आणि "Faulting module name" ही ओळ वाचा. एकदा माझ्याकडे तिथे एका टायटल प्लगइनच्या फाइलचं नाव होतं, जे मी त्या प्रोजेक्टमध्ये वापरलंही नव्हतं. एडिटर सुरू होताना तो ते वाचायचा, तेवढं पुरे होतं. फोल्डर बाहेर हलवला, थांबलं. पण कधी कधी तिथे विंडोजच्याच एखाद्या फाइलचं नाव येतं. त्यावरून काही ठरवू नका, ती बहुतेकदा फक्त शेवटची सापडलेली असते.

रंगपेटी

बघितलं. माझ्याकडे आज एक नाव आणि परवाच्या नोंदीत दुसरंच. पॉवर लिमिट १०० वर नेऊन पाच एक्स्पोर्ट करतो आणि नावं लिहून ठेवतो.