शब्दचर्चा: पहिल्याच व्यावसायिक ईमेलमध्ये इटालियन 'तू', 'लेइ' की 'व्होइ'?

शब्दवेडी (पुणे)

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीसाठी मी पत्रव्यवहाराचे भाषांतर करते. तेथील मालक बोलोन्याच्या कृषियंत्र प्रदर्शनाला जाऊन आले आणि आता एका इटालियन पंप-उत्पादकाला पहिले ईमेल पाठवायचे आहे. मजकूर त्यांनी मराठीत लिहून दिला असून तो असा आहे:

'आपल्या कंपनीचा स्टॉल पाहिला. आपण तेथे दिलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत. आपण ड्रॉइंग पाठवल्यास आम्ही नमुन्याचे कास्टिंग करून देऊ. त्यानंतर आपण ऑनलाइन बैठक घेऊ.'

ईमेल ज्यांना जायचे आहे त्यांचे व्हिजिटिंग कार्ड माझ्यासमोर आहे आणि त्यावर पहिले नाव 'आंद्रेआ' असे आहे. 'आपण' हा आदरार्थी शब्द असल्यामुळे मी सगळीकडे 'लेइ' घातले आणि त्या बाईंना उद्देशून सुरुवातीला 'जेंतिले सिन्योरा' लिहिले. मात्र शेवटचे वाक्य इटालियनमध्ये वाचताना ते मालकांना म्हणायचे होते तसे वाटत नाही. एकाच पत्रात सर्वनाम बदलत गेले तर ते चालते काय, की एक ठरवून तेच शेवटपर्यंत न्यायचे असते?

फ्रेंचप्रेमी

माझ्या मते येथे 'व्होइ' हवे. फ्रेंचमध्ये एका अनोळखी माणसालाही अनेकवचनी सर्वनामाने संबोधतात आणि मराठीत आपण 'तुम्ही' म्हणतो तेही अनेकवचनच आहे. आदर अनेकवचनाने दाखवण्याची रीत इतकी सर्वत्र असताना इटालियनमध्येही 'व्होइ' म्हणजे 'तुम्ही' आणि 'तू' म्हणजे आपले 'तू', हे समीकरण सरळ आहे. 'लेइ' म्हणजे तर 'ती'. समोरच्या पुरुषाला 'ती' म्हणून संबोधणे विचित्रच वाटेल.

ब्रेशावासी

मी ब्रेशा येथे एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या निर्यात विभागात काम करतो आणि दिवसभर अशीच पत्रे वाचतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्रेंचप्रेमी यांचे म्हणणे निराधार नाही. एकाच व्यक्तीला आदराने 'व्होइ' म्हणण्याची रीत इटलीत पूर्वी होती आणि कांपानिया, कालाब्रिया अशा दक्षिणेकडच्या भागांत वयस्कर मंडळींच्या तोंडी ती आजही ऐकू येते. परंतु 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने 'लेइ' परके व गुलामी वृत्तीचे ठरवले आणि शासकीय व पक्षीय व्यवहारात 'व्होइ' सक्तीचे केले. युद्धानंतर 'लेइ' परत आले आणि तेच औपचारिक व्यवहारात रुळले. त्यामुळे उत्तर इटलीतल्या कंपनीत एका माणसाला 'व्होइ' लिहिले, तर वाचणाऱ्याला एक तर ते जुनाट वाटते, नाहीतर ते आपल्याला नसून कंपनीला उद्देशून आहे असा तो अर्थ घेतो. हा दुसरा अर्थच कामाचा आहे.

'ती' या अर्थाबद्दल म्हणाल, तर 'लेइ'मागे 'आपली प्रभुता' अशा अर्थाच्या एका स्त्रीलिंगी नामाची छाया आहे. मराठीत 'साहेबांनी बसावे', 'सरकारांची काय आज्ञा?' असे समोरच्याशीच बोलताना आपण तृतीय पुरुष वापरतो, तसाच हा प्रकार आहे. क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी होते, परंतु पुरुषाला उद्देशून लिहिताना विशेषण बहुधा पुल्लिंगीच राहते. 'आपणास रस असल्यास' हे पुरुषाला लिहिताना 'से ए इन्तेरेस्सातो' होते आणि स्त्रीला 'इन्तेरेस्साता'.

आता मूळ मजकुराकडे वळू. शब्दवेडी यांची अडचण इटालियनची कमी आणि मराठी 'आपण'ची जास्त आहे. त्या चार वाक्यांत एकाच शब्दाची वेगवेगळी कामे चालली आहेत. 'आपल्या कंपनीचा' यात कंपनी आहे, तेथे 'ला व्होस्त्रा अझ्येन्दा' येईल. 'आपण दिलेल्या माहितीबद्दल' यात स्टॉलवर उभा असलेला तो एक माणूस आहे, तेथे 'लेइ'च हवे: 'ला रिंग्रात्स्यो पेर ले इन्फोर्मात्स्योनी'. आणि 'आपण बैठक घेऊ' यातला 'आपण' समोरचा नसून आपण दोघे आहोत. तेथे 'लेइ' घातले की 'तुम्ही एकटेच बैठक घ्या' असा अर्थ होतो. 'पोत्रेम्मो सेन्तिर्ची इन व्हिदेओकियामाता' असे प्रथम पुरुषी अनेकवचन घ्या, वाक्य आपोआप सुटते.

शब्दवेडी

म्हणजे एका ईमेलमध्ये 'लेइ' आणि 'व्होस्त्रा' शेजारी शेजारी आले तरी ती चूक मानली जात नाही?

ब्रेशावासी

जोपर्यंत 'लेइ' त्या माणसासाठी आणि 'व्होइ' त्याच्या कंपनीसाठी आहे, तोपर्यंत ती चूक नव्हे. आमच्याकडे येणारी चांगली पत्रे अशीच असतात. चूक तेव्हा होते, जेव्हा एकाच माणसासाठी सर्वनाम मध्येच घसरते, आणि ते बहुधा शेवटच्या ओळीत घसरते. वर सगळे 'लेइ' असते आणि खाली 'कळवावे' म्हणताना कोणीतरी पाठ केलेले 'फाम्मी सापेरे' लिहून टाकतो. ते सरळ 'मला कळव' असे आहे. 'लेइ'शी जुळणारे रूप 'मी फाच्चा सापेरे' आहे आणि कंपनीला लिहिताना 'फातेची सापेरे'. पत्र तपासताना सर्वनामे शोधत बसू नका, कारण इटालियनमध्ये ती बहुतेक वेळा गाळलेलीच असतात. क्रियापदांचे शेवट आणि 'आपला-तुमचा' दर्शवणारे शब्द तपासा, घसरण तेथेच सापडते.

आणखी एक गोष्ट. आंद्रेआ हे इटलीत मुख्यतः पुरुषाचे नाव आहे. 'आ'ने संपते म्हणून ते स्त्रीचे ठरत नाही. निकोला, लुका यांचेही तसेच आहे. आपल्या मालकांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिले आहे, तेव्हा एक फोन करून विचारावे हे बरे.

मिलानची आई

माझी मुलगी मिलानोत डिझाइनचे शिक्षण घेऊन तेथेच एका स्टुडिओत काम करते. ती सांगते की तेथे मालकापासून नवशिक्यापर्यंत सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात आणि 'लेइ' म्हटले की लोक हसतात. तिने मला सासूबाईंच्या ओळखीच्या एका इटालियन बाईंना पत्र लिहितानाही 'तू'च लिहायला लावले होते आणि त्यांचे उत्तर फार प्रेमाचे आले. मग इतका औपचारिकपणा कशाला करायचा?

ब्रेशावासी

आपल्या मुलीचा अनुभव अगदी खरा आहे. डिझाइन, जाहिरात, सॉफ्टवेअर या क्षेत्रांत 'तू' सर्रास चालते आणि घरगुती ओळखीत तर प्रश्नच नाही. परंतु येथे पत्र लिहिणारा अनोळखी पुरवठादार असून त्याला काम मागायचे आहे. अशा माणसाने पहिल्या ओळीतच 'तू' म्हटले, तर ते सलगीचे वाटते किंवा एखाद्या जाहिरातीच्या ईमेलसारखे वाटते, आणि असे ईमेल वाचल्याशिवायच पुसले जाते. 'लेइ' लिहून कोणी नाराज झाल्याचे मी पाहिलेले नाही.

'तू'वर यायचे ते समोरच्याच्या खुणेवर. उत्तराची सुरुवात 'चाओ'ने झाली, खाली नुसते पहिले नाव असले, किंवा 'ची द्यामो देल तू?' असे सरळ विचारले, की पुढच्या पत्रापासून आपणही 'तू'वर यावे. तेव्हाही 'लेइ' धरून बसलात तर मात्र ते अंतर राखल्यासारखे वाटते.

मडगावकर

आमच्याकडे गोव्यात जुन्या पोर्तुगीज पत्रांमध्ये 'ओ सेन्योर' म्हणून तृतीय पुरुषी क्रियापद येते, आणि 'व्होसे' हा शब्दही 'आपली कृपा' अशा अर्थाच्या 'व्होसा मेर्से'पासून झिजत आला आहे. आजोबांची कागदपत्रे लावताना मला ते प्रथम समजलेच नव्हते. पत्र तिसऱ्याच कोणाबद्दल आहे असे मी समजत होतो. तेव्हा 'लेइ'चा प्रकार मला तरी परका वाटला नाही. फक्त एक विचारतो: 'ती' आणि 'आपण' दोन्हींना एकच शब्द असेल, तर लेखनात घोटाळा होत नाही काय?

ब्रेशावासी

होतो, आणि तो पैशाचाही असू शकतो. समजा पत्रात असे आहे: 'तुमच्या सहकाऱ्याशी बोललो, आता ला सूआ ओफ्फेर्ताची वाट पाहतो.' ही 'ऑफर' सहकाऱ्याची की वाचणाऱ्याची, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. म्हणूनच व्यावसायिक पत्रात आदरार्थी 'सूआ'चे पहिले अक्षर मोठे लिहितात: मोठे 'एस' म्हणजे आपली, लहान 'एस' म्हणजे त्याची. 'लेइ'चेही 'एल' त्याच कारणाने मोठे ठेवतात.

फ्रेंचप्रेमी

ते मोठे अक्षर शब्दाच्या पोटातही लिहायचे असते काय? 'आपणास कळवण्यासाठी' या अर्थाचा शब्द मी एका पत्रात मध्येच मोठे 'एल' घातलेला पाहिला होता आणि मला ती छपाईची चूक वाटली.

ब्रेशावासी

ती चूक नव्हती. 'इन्फोर्मार्ला' असा तो शब्द असणार. मात्र यावर आमच्याच विभागात एकमत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाई ते मोठे अक्षर कधी चुकवत नाहीत, आणि समोरचा तरुण सहकारी त्याला सरकारी नोटिशीची भाषा म्हणतो. मी पहिल्या पत्रात लिहितो, पुढे सोडून देतो.

शब्दवेडी

मालकांशी बोलले. आंद्रेआ हे चांगले दाढीवाले गृहस्थ आहेत! 'सिन्योरा' वेळीच निघाले. आता तिसऱ्या वाक्यावर अडले आहे. 'आपण ड्रॉइंग पाठवल्यास' यात आंद्रेआ आहेत की कंपनी? ड्रॉइंग प्रत्यक्षात त्यांचा तांत्रिक विभाग पाठवील असे मालक म्हणतात.

ब्रेशावासी

मग 'से ची इन्व्हियाते इ दिसेन्यी' हे 'व्होइ'चे रूप मला योग्य वाटते. पाठवणारी कंपनी आहे आणि आंद्रेआ निरोप पुढे देतील.

फ्रेंचप्रेमी

मी मात्र येथे 'लेइ'च ठेवीन. आभार त्यांचे मानले आणि लगेच पुढच्या ओळीत त्यांना सोडून कंपनीशी बोलू लागलो, तर त्या माणसाला आपण नुसता टपालपेटी केल्यासारखे होते.

शब्दवेडी

दोन्ही रूपे मालकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, 'ड्रॉइंग कोणी का पाठवेना, पंधरवड्यात आले म्हणजे झाले.' सध्या 'इन्व्हियाते' ठेवले आहे आणि समारोपात आंद्रेआ यांच्याकडून उत्तर अपेक्षित असल्यामुळे मोठ्या 'एस'चे 'सूओ रिस्कोन्त्रो' लिहिले आहे. ईमेल उद्या सकाळी जाईल.