दोन्ही कुळां मंगल की दोन्ही घरां मंगल?

मोगरा: मुलगी गिरगावची मराठी, मुलगा घाटकोपरचा गुजराती. मंगलाष्टकं मुलीची आत्या म्हणणार आहे, वय 78. शेवटच्या कडव्याच्या दोन ओळी अशा जुळल्या आहेत:

दोघांची जुळली मने न पुसता कोठून आला कुणी
नांदा सौख्यभरे सदैव मिळुनी दोन्ही कुळां मंगल

मुलीचे मामा म्हणतात, कूळ आलं की जात आली, 'घरां' करा. काका म्हणतात, घर म्हणजे चार भिंती, मंगलाष्टकात कूळच शोभतं. कोणता शब्द ठेवू?

दादरकर: कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. 1948 चा कूळकायदा आठवा. आणि 'कूळ' दीर्घ आहे, तेव्हा तो तिथे वृत्तातही बसायचा नाही.

लघुगुरू: जमीन कसणारं कूळ आहेच, पण वंश या अर्थी कूळही तितकंच मराठी आहे, कुळाचार, कुळधर्म रोजच्या बोलण्यातले आहेत. 'कूळ' दीर्घ हे बरोबर, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: फूल-फुलांना, मूल-मुलांना, तसं कूळ-कुळांना. त्यामुळे 'कुळां' आणि 'घरां' दोन्ही लघु-गुरू. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरं, 12 वर यती, उरलेली सात 'कुर्यात् सदा मंगलम्'च्या चालीवर. 'दोन्ही घरां मंगल' म्हणून पाहा, तंतोतंत बसतं. शेवटचा 'ल' लघु असला तरी चरणाच्या अखेरीस तो गुरू धरतात आणि आत्याबाई तो लांबवतीलच.

म्हणजे निवड अर्थावर करायची. वरची ओळ म्हणते, कोण कुठून आला हे विचारलं नाही. लगेच खाली कुळं मोजायला लागलात तर दोन ओळींत भांडण लागतं. मी 'घरां' घेईन. छापताना अनुस्वार मात्र सोडू नका. 'दोन्ही घरा' छापलं तर ते बहुवचन राहत नाही.

याहून मोठी अडचण वरच्या ओळीत आहे. 'मने' नंतर स्वल्पविराम नाही. आत्याबाईंनी 'दोघांची जुळली मने न' इथे श्वास घेतला, तर मांडवात ऐकू येईल की मनं जुळलीच नाहीत! यती 'पुसता' नंतर आहे. म्हणून त्यांच्या कागदावर 'नपुसता' असं एकत्र लिहा आणि त्याच्यापुढे उभा दंड द्या:

दोघांची जुळली मने, नपुसता । कोठून आला कुणी

श्वास फक्त दंडावर. अक्षर मोठं, एका पानावर एकच कडवं.

पाटावरवंटा: आमच्याकडे मुलगा तमिळ आहे. आठही कडवी अर्धी तमिळमध्ये करायची का?

लघुगुरू: आठांचं तसं बंधन कोण घालतं? पाचही चालतील. पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'शुभमंगल सावधान' ठेवा. वृत्ताच्या बाहेर असलं तरी अक्षता कधी टाकायच्या हे लोकांना त्यावरूनच कळतं. दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांना ते ठाऊक नसतं, म्हणून पुढच्या रांगेत आपली चार माणसं मिसळून बसवा. ती टाकतील तसे बाकीचे टाकतील.

दादरकर: 'सावधान' काढूनच टाका. सावध व्हा, पळा, असा अर्थ निघतो. रामदासस्वामी तो ऐकूनच निघून गेले म्हणतात.

लघुगुरू: ती आख्यायिका. शब्द स-अवधान, म्हणजे लक्ष देऊन. मुहूर्ताची घटका आली, लक्ष द्या, एवढंच.

घाटकोपर_पूर्व: गुजरातीत 'घर' तसंच आहे, 'कुळ'ही आहे. म्हणून मुलाकडच्यांना दोन्ही कळतील. अडेल 'नांदा'. तो एक शब्द आधी समजावून सांगा. आणि एक ध्यानात ठेवा: गुजराती माणूस 'मंगल' नाही, 'मंगळ' म्हणतो.

मोगरा: अरे देवा! शेवटची ओळ मुलाच्या आजोबांनी म्हणावी असं ठरलंय. ते 'दोन्ही घरां मंगळ' म्हणाले तर आमच्याकडच्या बायकांना पत्रिकेतला मंगळ आठवेल.

दादरकर: मग त्यांच्याकडून 'मंगल' घोटून घ्या. शुद्ध ते शुद्ध.

लघुगुरू: 'मंगळ' अशुद्ध कसा? कमल-कमळ, कुल-कूळ, तसाच मंगल-मंगळ. मुलीच्या गळ्यात मंगळसूत्रच पडणार आहे, मंगळागौर तीच पुजणार आहे. तिथे कोणाला ग्रह आठवतो?

दादरकर: समासात चालतो. सुटा 'मंगळ' मराठीत वार नाहीतर ग्रह.

घाटकोपर_पूर्व: म्हातारा माणूस आपल्या नातसुनेला आपल्या जिभेने आशीर्वाद देतोय. त्याला ऐन मांडवात 'ळ'वर अडवायचं? अडखळला तर चालच मोडेल.

मोगरा: 'घरां' पक्कं, मामांना कळवते. काकांचं अजून बाकी आहे. आजोबांचा कागद त्यांची मुलगी गुजराती लिपीत लिहिणार आहे. तिला 'ल' सांगू की 'ळ'?

पाटावरवंटा: 'ळ' लिहू दे. तमिळमध्येही 'ळ' आहे!