पावलाचा आकार आणि बदलीची अट

"नागपूरला बाबांसाठी कोल्हापुरी पाठवायची आहे. माप माहीत नाही. कागदावर पाऊल काढून मागवलं तर चालेल का?"

चालेल. बाबांना संध्याकाळी, दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहायला सांगा आणि दुसऱ्या कुणाला तरी पावलं काढू द्या. पेन्सिल सरळ उभी हवी; आत कलली की माप लहान येतं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये कागदावरच लिहायला लावा, कारण फोटोत आकार बदलतो. मोठं पाऊल धरा. चवड्याचा घेरही दोऱ्याने मोजून घ्या, तो या आकारातून कळत नाही. कोल्हापुरीचा पट्टा वापराने सैलावतो, लांबी मात्र वाढत नाही.

बदलीची मुदत पार्सल पोचल्यापासून मोजणार आणि परतीचा खर्च कोणाचा, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. चप्पल आधी चादरीवरच घालून बघावी. तळाला माती लागली की सहसा बदलून देत नाहीत.