मदत हवी आहे: घारापुरीच्या व्लॉगमधील कलाटणीचा क्षण कसा दाखवावा?

नमस्कार. गेल्या महिन्यात आईबाबांसह गेटवेहून लाँचने घारापुरीला गेलो होतो. बाबांना त्रिमूर्ती पुन्हा एकदा पाहायची होती. परतलो तेव्हा मोबाइलमध्ये 63 क्लिप होत्या आणि त्यांतून साधारण सहा मिनिटांचा व्लॉग करायचा आहे.

पहिल्यांदा क्लिप घडल्या त्याच क्रमाने जोडल्या. पण लाँच, सीगल, टॉय ट्रेन, लेणी असे एकामागून एक येत राहिले आणि गोष्ट उभी राहिली नाही. आता लाँचवर बाबा आपली इच्छा बोलून दाखवतात तिथूनच सुरुवात केली आहे, आणि जे त्या इच्छेशी जुळत नाही ते, अगदी सुंदर सीगलसुद्धा, काढून टाकले आहे.

अडचण मध्यावर आहे. पायऱ्या अर्ध्या चढून बाबा गुडघा धरून खाली बसले, तेव्हा मी मोबाइल खिशात ठेवला होता. त्याआधीचे, पायरीवर टेकलेल्या काठीचे चार सेकंदांचे दृश्य आणि त्यानंतरच्या क्लिपमधील "तुम्ही व्हा पुढे" हा त्यांचा आवाज, एवढेच हाती आहे. चित्रण 30 फ्रेमचे असल्यामुळे काठीचे दृश्य निम्म्या वेगाने लावले की ते अडखळते. म्हणून ते मूळ वेगानेच ठेवून, पार्श्वसंगीत तोडून, बाबांचा आवाज त्यावर आधीच सुरू करावा का? की तिथे माझे निवेदन हवे?

शेवट त्रिमूर्तीवर करावा, की परतीच्या लाँचवर बाबा तिचा फोटो बोटांनी मोठा करून पाहतात त्या दृश्यावर? माझा कल दुसऱ्याकडे आहे.